‘इथे तडा आहे’ म्हणजे नक्की कुठे?

इमारतीची पाहणी करणाऱ्या इंजिनिअरच्या एका हातात टॉर्च असतो, दुसऱ्या हातात ठोकून बघायची छोटी हातोडी. वही उघडून लिहायला तिसरा हात नसतो. म्हणून अलीकडे बरेच जण फोन खिशात नाहीतर गळ्यात अडकवून रेकॉर्डिंग सुरू करतात आणि बघत बघत बोलत जातात. पंचवीस-तीस मिनिटांत सारी इमारत बोलून होते. त्या रेकॉर्डिंगमधून ठेकेदाराच्या हाती देता येईल अशी, ठिकाणांप्रमाणे लावलेली दोषांची यादी काढणे हे पुढचे काम. ते सहसा ऑफिसातल्या ज्युनिअरकडे जाते. त्याने इमारत पाहिलेली असतेच असे नाही.

काम टायपिंगचे दिसते, तसे ते नाही. बोलणे वेळेच्या क्रमाने चालते आणि यादी जागेच्या क्रमाने लागते. इंजिनिअर तळमजल्यावर सुरुवात करतो, जिन्यात काहीतरी आठवले की मागच्या खोलीबद्दल बोलतो, गच्चीवर पोचल्यावर तळमजल्यावरची एक चूक दुरुस्त करतो. त्याच्या बोलण्यात ‘इथे’, ‘ह्याच्या मागे’, ‘वरती’, ‘तोच’ असे शब्द भरलेले असतात. तो जागेवर उभा असेपर्यंत त्या शब्दांना अर्थ असतो. रेकॉर्डिंगमध्ये ते शब्द उतरतात, पण त्याचे बोट कुठे होते ते उतरत नाही. माझ्या मते या प्रश्नातला नव्वद टक्के भाग ‘कुठे’ हाच आहे. ‘काय’ ते इंजिनिअरने स्पष्ट सांगितलेलेच असते.

हा प्रश्न सगळीकडे सारखा अवघड नाही. जिथे बांधकाम लांबट असते तिथे तो जवळजवळ सुटलेला आहे. पेण तालुक्याच्या खारेपाटात खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले आहेत. त्यांच्या पाहणीत जागा सांगायला साखळी क्रमांक पुरतो. बांधाच्या एका टोकापासून मोजलेले अंतर, आणि बाजू खाडीकडची की शेताकडची, एवढे बोलले की झाले. खेकड्यांच्या बिळांतून झिरपणारे पाणी असो, उघाडीची निखळलेली झडप असो की बांधाला पडलेली खांड, एक आकडा आणि एक बाजू सांगितली की दुसरा माणूस तिथे जाऊन उभा राहतो. रेल्वेमार्गावर किलोमीटरचे दगड हेच काम करतात आणि पुलावर गाळ्यांचे व खांबांचे क्रमांक. अशा ठिकाणी रेकॉर्डिंगवरून यादी करणे खरोखरच टायपिंगच्या जवळ येते.

घर किंवा कारखाना मात्र चहूबाजूंनी आणि वरखाली पसरलेला असतो. त्यात गावाकडच्या इमारतींचा नकाशा बहुधा नसतोच. असला तर बांधकाम त्याप्रमाणे झालेले नसते. प्रत्यक्ष कामाची रीत समजावी म्हणून जोहे गावातली एक इमारत डोळ्यांसमोर आणू. ही एका कुणाची खरी इमारत नाही, उदाहरणासाठी जुळवलेली आहे. पण हमरापूर-जोहे पट्ट्यात अशी बांधणी ओळखीची वाटेल. खाली गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, वर राहते घर, त्यावर गच्ची. आरसीसीची चौकट, नऊ कॉलम, तीन-तीनच्या तीन ओळींत. तोंड पूर्वेला, रस्त्याकडे. जिना उत्तरेच्या बाजूला, पुढच्या गाळ्यात. वरच्या मजल्यावर न्हाणी आणि संडास उत्तरेच्याच बाजूला, पण मागच्या गाळ्यात. दक्षिणेला मागे स्वयंपाकघर.

पाहणीला सुरुवात करण्याआधी दहा मिनिटे खर्चून एक गोष्ट करायची असते, आणि बहुतेक वेळा तीच राहून जाते. पावलांनी मोजून कागदावर साधा चौकोन काढायचा, कॉलमच्या जागी ठिपके द्यायचे आणि त्यांना नावे द्यायची. उत्तरेकडून दक्षिणेकडे अ, ब, क. रस्त्याकडून मागे १, २, ३. म्हणजे रस्त्यावरचा उत्तरेचा कोपरा अ-१ आणि मागचा दक्षिणेचा कोपरा क-३. खोल्यांना घरातली माणसे जी नावे देतात तीच ठेवायची: कारखाना, जिना, पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, गच्ची. या कागदाचा फोटो काढायचा आणि मग रेकॉर्डिंग सुरू करायचे. पुढची सगळी यादी या कागदावर उभी राहते. हा कागद जागेवर झाला नसेल तर ऑफिसात बसून जागांची यादी बनवावी लागते. तेव्हा ज्युनिअरला फोटोंवरून इमारत रचत बसावे लागते आणि चुका तिथून शिरतात.

इंग्रजी अक्षरे वापरायची नाहीत असा माझा आग्रह आहे, आणि त्याचे कारण कानाशी आहे. बी, सी, डी, ई, पी, टी ही अक्षरे रेकॉर्डिंगमध्ये एकसारखी ऐकू येतात, त्यात मागे रंगाच्या स्प्रेसाठी कॉम्प्रेसर चालू असला तर विचारूच नका. अ, ब, क त्या मानाने वेगळे ऐकू येतात. इंग्रजीतच बोलायची सवय असेल तर ‘बी फॉर बॉम्बे’ असे पूर्ण म्हणावे.

आता या इमारतीतल्या रेकॉर्डिंगचे काही तुकडे पाहू. डावीकडे मिनिट-सेकंद दिलेले आहेत.

०३:१०. ‘हा कॉलम, डाव्या हाताचा, मधल्या ओळीतला. खाली गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत कव्हर सुटलंय. कोपऱ्यातली सळई दिसतेय, गंजलेली. रिंग तुटलीय का… नीट दिसत नाही. वरती ठोकून बघतो… बद्द वाजतंय, छातीपर्यंत तरी.’

०४:२५. ‘ह्याच्याच मागे, डोक्यावर, स्लॅबला ओल. चार बाय तीन फूट असेल. पांढरे क्षार आलेत. हे वरच्या न्हाणीचं असणार.’

०६:४०. ‘मधला बीम, तडा आहे. केसाएवढा… नाही, जरा जास्त. पॉइंट तीन असेल.’

१४:०५. ‘न्हाणी. फरशीचे सांधे उघडे, ट्रॅपच्या भोवती तर पूर्ण. हां, खालची ओल हीच.’

१९:३०. ‘गच्ची. मागच्या कोपऱ्यात, जिन्याच्या बाजूच्या, पाणी जायचं तोंड बुजलंय. पाणी साचल्याचा डाग आहे, शेवाळ आहे.’

२३:४०. ‘अरे, तो खालचा कॉलम डाव्या हाताचा म्हणालो ना, तेव्हा मी मागच्या दाराने आत आलो होतो, तोंड रस्त्याकडे होतं.’

२५:१५. ‘माळ्यावरची खोली कुलूप आहे. बघितली नाही.’

याचे लेखन करताना पहिला नियम असा की बोलणे जसेच्या तसे उतरवायचे, अडखळण्यासकट. ‘केसाएवढा… नाही, जरा जास्त’ यातला ‘नाही’ गाळला तर तडा केसाएवढाच राहतो. आणि प्रत्येक तुकड्यापुढे वेळ लिहायची, कारण नंतर शंका आली की पुन्हा ऐकायला नेमके तिथे जाता आले पाहिजे.

आवाज ऐकून आपोआप मजकूर लिहून देणारे प्रोग्रॅम आता फोनमध्येच असतात आणि मराठीही बऱ्यापैकी लिहितात. पहिला खर्डा म्हणून ते चालतात, पण त्यांच्या चुका कुठे होतात ते माहीत असावे लागते. मराठी वाक्यात मध्येच येणारे ‘कव्हर’, ‘बीम’, ‘ट्रॅप’ हे शब्द त्यांच्याकडून वाकडे होतात आणि बीमचा भीम होतो. ते वाचताना लगेच कळते, म्हणून ती चूक निरुपद्रवी आहे. आकड्यांची चूक तशी नसते. बावीस आणि बेचाळीस, एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत झालेली चूक वाचून कळत नाही, कारण दोन्ही आकडे शक्य वाटतात. त्याहून वाईट म्हणजे इंजिनिअर काही न बोलता ठोकत उभा असतो तेव्हा त्या शांततेत किंवा आवाजाच्या गोंगाटात असे प्रोग्रॅम कधी कधी कुणी न बोललेले वाक्यही लिहून ठेवतात. तेव्हा यंत्राचा खर्डा घेतला तरी आकडे, जागा आणि ‘आहे-नाही’ हे तीन प्रकारचे शब्द माणसाने कान देऊन पुन्हा ऐकायचे. सगळे रेकॉर्डिंग दोनदा ऐकायला वेळ नसला तरी एवढे तरी झालेच पाहिजे.

‘पॉइंट तीन’ हे याचे चांगले उदाहरण आहे. इंजिनिअरला ०.३ मिलीमीटर म्हणायचे होते. यंत्राने किंवा घाईतल्या टायपिस्टने ‘तीन’ लिहिले की यादीत तीन मिलीमीटर रुंद तडा उभा राहतो आणि घरमालक वरच्या मजल्यावर राहायला घाबरतो. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात तड्याची रुंदी सर्वसाधारणपणे ०.३ मिलीमीटरपेक्षा जास्त नसावी असे धरले आहे. सतत दमट हवेत किंवा पाण्या-मातीच्या संपर्कात असलेल्या भागांसाठी ही मर्यादा ०.२ आहे, आणि त्याहून कडक परिस्थितीत ०.१. म्हणजे ०.३ हा आकडा नेमका सीमेवरचा आहे, आणि तो पट्टीने मोजलेला की नजरेने ठरवलेला हे यादीत आलेच पाहिजे. इथे तो नजरेचा आहे, ‘असेल’ हा शब्द तेच सांगतो. म्हणून यादीत ‘सुमारे ०.३ मिमी, अंदाजे, मोजलेला नाही’ असे लिहायचे. ‘असेल’, ‘वाटतंय’, ‘नीट दिसत नाही’ हे शब्द पुसून यादी स्वच्छ करायचा मोह प्रत्येकाला होतो. तसे केले तर शंका असलेल्या गोष्टी ठाम होऊन बसतात आणि पुन्हा तपासायला कुणी जात नाही.

मधला बीम कोणता, हे मात्र रेकॉर्डिंगमधून ठरत नाही. ब ओळीतला असावा, पण १ ते २ च्या गाळ्यातला की २ ते ३ च्या? त्या वेळी काढलेल्या फोटोत फक्त काँक्रीट दिसते, खुणेची दुसरी वस्तू नाही. अशा वेळी जास्त शक्य वाटणारी जागा लिहून टाकणे हा सर्वांत मोठा अपराध. यादीत ‘जागा निश्चित नाही’ असा वेगळा कप्पा हवा आणि तो इंजिनिअरकडे परत गेला पाहिजे. ज्युनिअरने फोन करून ‘सर, तो बीम रस्त्याकडचा की मागचा?’ एवढे विचारायला एक मिनिट लागते. हे विचारायला संकोच वाटतो, कारण साहेब म्हणतील ‘ऐकलं नाहीस का?’ ज्या ऑफिसात असा संकोच आहे तिथल्या याद्यांवर माझा विश्वास बसत नाही.

डाव्या हाताच्या कॉलमकडे मी मुद्दाम शेवटी येतो, कारण सगळा विषय त्यात आहे.

०३:१० ला ऐकणारा माणूस गृहीत धरतो की इंजिनिअर रस्त्याकडून आत आला. रस्ता पूर्वेला, म्हणजे तोंड पश्चिमेला, म्हणजे डावा हात दक्षिणेला. कॉलम क-२. पुढचे वाक्य ‘ह्याच्याच मागे’ असे आहे, म्हणजे ओल क-२ आणि क-३ यांच्यामधल्या स्लॅबला. वीस मिनिटांनी गच्चीवर इंजिनिअर सांगतो की तो मागच्या दाराने आला होता. तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला. कॉलम अ-२ झाला. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. ‘ह्याच्याच मागे’ हे वाक्य त्या कॉलमला बांधलेले होते, आणि त्यातले ‘मागे’ म्हणजे घराची मागची बाजू, हे न्हाणीच्या उल्लेखावरून कळते; म्हणून ओलही दक्षिणेतून उत्तरेत, अ-२ ते अ-३ च्या गाळ्यात आली. एक दुरुस्ती एका नोंदीला लागते असे समजणारा माणूस कॉलम हलवतो आणि ओल तिथेच ठेवतो. म्हणून रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय यादीची एकही ओळ लिहायची नाही, आणि दुरुस्ती सापडली की तिच्यावर अवलंबून असलेली प्रत्येक नोंद शोधायची.

ही दुरुस्ती बरोबर आहे याची खात्री दोन बाजूंनी करता येते. कॉलमच्या फोटोत पाठीमागे जिन्याची पहिली पायरी दिसते, आणि जिना उत्तरेलाच आहे. शिवाय इंजिनिअरने ओलीचा संबंध न्हाणीशी जोडला आहे. दक्षिणेच्या मागच्या गाळ्यावर तर स्वयंपाकघर आहे, न्हाणी नाही. दुरुस्ती बोलली गेलीच नसती तरी लक्ष देऊन काम करणाऱ्याला इथे विसंगती दिसली असती: ओल दक्षिणेला आणि न्हाणी उत्तरेला, हे जुळत नाही. रेकॉर्डिंगमधली वाक्ये एकमेकांना अशी तपासतात.

आता ठिकाणाप्रमाणे यादी लावली की ती अशी दिसते.

गच्ची, अ-३ कोपरा: पाणी जाण्याचे तोंड बुजलेले, पाणी साचल्याचा डाग, शेवाळ. [१९:३०]

पहिला मजला, न्हाणी, अ-२ ते अ-३ गाळा: फरशीचे सांधे उघडे, ट्रॅपभोवती पूर्ण उघडे. [१४:०५] खालच्या ओलीशी संबंध, इंजिनिअरच्या मते.

तळमजला, कारखाना, स्लॅबची खालची बाजू, अ-२ ते अ-३ गाळा: ओल, सुमारे ४ × ३ फूट, पांढरे क्षार. [०४:२५] कारण न्हाणी, इंजिनिअरचा अंदाज.

तळमजला, कारखाना, कॉलम अ-२: जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत कव्हर सुटलेले, कोपऱ्याची सळई उघडी व गंजलेली, त्यावर छातीएवढ्या उंचीपर्यंत बद्द आवाज. रिंग तुटली आहे का, दिसले नाही. [०३:१०, जागेची दुरुस्ती २३:४०]

तळमजला, कारखाना, मधला बीम: तडा, सुमारे ०.३ मिमी, अंदाजे, मोजलेला नाही. जागा निश्चित नाही. [०६:४०]

माळ्यावरची खोली: कुलूप, पाहिली नाही. [२५:१५]

वरून खाली वाचा. वेळेच्या क्रमाने यांतल्या पहिल्या चार नोंदी वीस मिनिटांत विखुरलेल्या होत्या आणि एकमेकींशी काही संबंध नसल्यासारख्या वाटत होत्या. जागेच्या क्रमाने त्या एकाच ओळंब्यात आल्या: गच्चीवर साचणारे पाणी, त्याखाली गळकी न्हाणी, त्याखाली ओला स्लॅब आणि त्या गाळ्याच्या कडेला गंजणारा कॉलम. कॉलमच्या पायाशी गंज दिसला की या भागातला इंजिनिअर पहिल्यांदा जमिनीकडे बघतो, आणि ते योग्यच आहे. खाडीलगतच्या जमिनीतले क्षार ओलीबरोबर काँक्रीटमध्ये वर चढतात. क्लोराइड सळईपर्यंत पोचले की तिच्यावरचा संरक्षक थर मोडतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि कव्हर बाहेर ढकलतो. कारखान्यात शाडूची माती भिजवलेली असते, जमीन नेहमी ओली असते, तेही त्याला साथ देते. पण बद्द आवाज छातीपर्यंत वर गेला आहे, आणि डोक्यावरून पाणी येते आहे. म्हणजे हा कॉलम खालून भिजतो, वरून भिजतो की दोन्हीकडून, हा प्रश्न या यादीमुळे उभा राहिला. दुरुस्तीचा क्रमही त्यावर ठरतो. वरचे पाणी थांबवल्याशिवाय खालच्या कॉलमला नवे कव्हर दिले तर ते काही पावसाळ्यांनी पुन्हा सुटेल. डावा-उजवा हात चुकला असता तर कॉलम दक्षिणेत गेला असता, हा ओळंबा मोडला असता आणि खाऱ्या जमिनीवर सगळा दोष टाकून काम संपले असते.

तरीही यादी करणाऱ्याने स्वतः हे निदान यादीत लिहायचे नाही. ओल आणि न्हाणी या दोन नोंदी एकत्र करून ‘न्हाणीच्या गळतीमुळे स्लॅब ओला’ अशी एकच ओळ करण्याचा मोह होतो. ते चुकीचे आहे. फरशीवाला न्हाणीत काम करेल, स्लॅबच्या खालच्या बाजूला दुसरा माणूस करेल. प्रत्येकाला आपली जागा यादीत सापडली पाहिजे. शिवाय न्हाणी दुरुस्त करून ओल सुकली नाही तर कारण वेगळे निघेल, आणि तेव्हा दोन वेगळ्या नोंदी असल्याचा उपयोग होईल. दोष जिथे दिसतो तिथे नोंदवायचा, जिथून येतो असे वाटते तिथे दुसरी नोंद करायची आणि दोघींत दुवा द्यायचा. ओळंब्यातल्या नोंदी दाखवून ‘सर, हे चारही एका गाळ्यात येतंय’ असे इंजिनिअरला सांगायचे. निष्कर्ष त्याचा.

उंचीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. कॉलमच्या बाबतीत ‘कॉलम अ-२’ एवढी जागा पुरत नाही. गुडघ्यापर्यंत की छातीपर्यंत, यावर कारण बदलते. म्हणून जागेच्या नोंदीत मजला, खोली, घटक, आणि घटकाचा कोणता भाग किंवा कोणता चेहरा, असा क्रम ठेवलेला बरा. त्याहून बारीक गेले तर बोलणाऱ्याला ते जमत नाही आणि तो बोलणेच सोडून देतो.

बंद खोलीची ओळ अनेकांना फालतू वाटते. पाहणी न झालेली जागा यादीत नसली तर वाचणारा ती ‘दोष नसलेली’ समजतो. वरच्या यादीत गच्चीवरचा कठडा नाही, स्वयंपाकघर नाही, दक्षिणेची बाल्कनी नाही. ती पाहिली आणि ठीक होती, की पाहायची राहिली? रेकॉर्डिंगमध्ये काहीच बोलणे नसेल तर कळत नाही. म्हणून सुरुवातीच्या कागदावरच्या प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक शेरा आला पाहिजे: दोष आहे, पाहिले व दोष नाही, पाहिले नाही. आणि बोलताना ठीक असलेल्या खोलीतही ‘स्वयंपाकघर, काही नाही’ एवढे म्हणायची सवय लागली पाहिजे. तीन शब्दांनी अर्ध्या शंका मिटतात.

या सगळ्याला पर्याय आहेत. फोनवरच्या नकाशावर बोट ठेवून जागा नोंदवायची, तिथेच फोटो जोडायचा, अशी ॲप मोठ्या गृहप्रकल्पांत ताबा देण्याआधीच्या तपासणीसाठी वापरली जातात. तिथे घरे एकसारखी असतात आणि नकाशे पक्के असतात, त्यामुळे जागेचा प्रश्न जवळजवळ सुटतो. पण अशा ॲपला दोन्ही हात आणि तयार नकाशा लागतो. जोहे गावातल्या आपल्या इमारतीत दोन्ही नाही. जुनी पद्धत, म्हणजे पाहणी आटोपून चहा पिताना वहीत आठवून लिहिणे, आजही टिकून आहे. आठवणीत मोठे दोष राहतात, लहान गळतात आणि डावे-उजवे हमखास बदलते. एक माणूस बघतो आणि दुसरा शेजारी उभा राहून लिहितो ही रीत मला सर्वांत चांगली वाटते, कारण लिहिणारा तिथल्या तिथे ‘कुठून डावा?’ असे विचारतो. पण दोन माणसांचा दिवसभराचा खर्च छोट्या कामाला परवडत नाही. रेकॉर्डिंग या सगळ्यांच्या मध्ये बसते. ते स्वस्त आहे, तपशील सांडत नाही आणि पुन्हा ऐकता येते. फक्त जागा सांगायची शिस्त बोलणाऱ्याने पाळली पाहिजे. ती शिस्तही छोटी आहे. नव्या जागी गेल्यावर आधी जागा बोलायची, मग दोष. डावा-उजवा म्हणायचेच नाही; रस्त्याकडचा, मागचा, जिन्याकडचा असे म्हणायचे. रस्ता आणि जिना जागा सोडत नाहीत.

यादी कशासाठी वापरली जाणार आहे त्यावर किती काटेकोर राहायचे ते ठरते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांची तीन वर्षांतून एकदा करावी असे आहे. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीतला दोष लक्षात आणून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. दोन्ही ठिकाणी यादीवर वाद होऊ शकतो, आणि वादात ‘हा दोष तेव्हा नव्हता’ असे कुणीतरी म्हणतेच. त्या वेळी मूळ रेकॉर्डिंग, त्याचा शब्दशः मजकूर आणि यादी या तिन्ही गोष्टी एकमेकांशी वेळेच्या आकड्याने जोडलेल्या असल्या तर उत्तर देता येते. म्हणूनच यादी झाली की रेकॉर्डिंग फोनमधून पुसून टाकण्याची सवय वाईट आहे. मात्र त्यात घरातल्या माणसांचे बोलणेही येते, कर्ज, भांडणे, भाडेकरू. तो भाग मजकुरात उतरवायचा नाही आणि रेकॉर्डिंग कुणाला पुढे पाठवायचे नाही.

आणि शेवटी इंजिनिअरांना एक विनंती. ज्युनिअरने यादी दिली की ऑफिसात बसून सही करू नका. ती छापून घेऊन त्याच इमारतीत जा, यादीच्या क्रमाने फिरा आणि ज्युनिअरला बरोबर न्या. यादीतली जागा त्याने वाचायची आणि तुम्ही काही न सांगता त्याने तुम्हाला त्या दोषापाशी नेऊन उभे करायचे. जिथे तो चुकीच्या कॉलमपाशी थांबेल ती ओळ दुरुस्त करा, आणि मगच यादी ठेकेदाराच्या हाती द्या.